चिंबोरीला म्हणे ‘जिवंत फाडलं’!

माझा भाचा आमच्या यूट्यूब चॅनलचं एडिटिंग झकास करतो. पण टायटल लिहायला बसला की त्याच्या अंगात क्राइम रिपोर्टर संचारतो.

शनिवारी पहाटे पाचला मी भाऊच्या धक्क्यावरून चिंबोऱ्या आणल्या. नांग्या मोडून, घासून, वाटण लावून रस्सा केला. साधा, घरगुती व्हिडिओ. आणि ह्या दिवट्याने टायटल दिलं, ‘आत्याने चिंबोरीला जिवंत फाडलं! रक्तबंबाळ किचन’. थंबनेलवर माझा सुरा आणि वर लाल शिंतोडे. अरे गाढवा, चिंबोरीचं रक्त लाल नसतंच, निळसर असतं!

झालं, लागला पिवळा डॉलर. म्हणजे व्हिडिओ दिसणार, पण जाहिराती नाममात्र. वर वयाची अट बसली नाही हे नशीब. मी आपली व्हिडिओत काय खटकलं म्हणून तीन वेळा बघतेय. खटकण्यासारखं काहीच नव्हतं! तपासणी फक्त व्हिडिओची होत नाही, टायटल, थंबनेल, डिस्क्रिप्शन, टॅग सगळंच बघतात. आत रस्सा असला तरी पाटीवर खून लिहिलाय ना!

शेवटी मीच बसले. टायटल ‘चिंबोरी साफ कशी करावी आणि झणझणीत रस्सा’, थंबनेलवर कढई. डिस्क्रिप्शनमधलं ‘कत्तल’ उडवलं. टॅगमध्ये तर त्याने ‘मर्डर’ टाकलं होतं. कोणासाठी रे? हे सगळं बदलून मगच माणसाकडून फेरतपासणी मागितली, कारण ती एकदाच मिळते आणि तिथला निकाल शेवटचा. चौथ्या दिवशी डॉलर हिरवा झाला. पण आमच्या व्हिडिओला जे काही बघणारे येतात ते पहिल्या दोन दिवसांतच. ते तर गेले फुकटात!

आणि दुसरं शहाणपण ऐका. सुरुवातीच्या टॅक्सीच्या शॉटमध्ये ड्रायव्हरच्या रेडिओवरचं गाणं वीसेक सेकंद आलंय. त्यावर कॉपीराइट क्लेम आला. तर हा म्हणतो, ‘आत्या, मी डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं होतं की, गाण्याचे सर्व हक्क मूळ मालकाचे.’ अरे, क्लेम लावणारी यंत्रणा तुझं डिस्क्रिप्शन वाचत बसत नाही, ती आवाज जुळवून बघते! त्या ओळीने क्लेम अडत नाही. तो तुकडा कापायचा, नाहीतर तेवढं गाणं म्यूट करायचं. कापला, गेला क्लेम. दहा मिनिटांचं काम होतं.

किती वेळा सांगितलं, आधी प्रायव्हेट ठेव, तपासणी पूर्ण होऊ दे, कॉपीराइट आणि जाहिराती अशी दोन्हीकडे हिरवी खूण दिसली की मगच पब्लिक कर. पण नाही, ह्याला शनिवारी संध्याकाळी साडेसातलाच टाकायचा असतो.

आत्ताच मेसेज आलाय. पुढच्या आठवड्यात बोंबील फ्राय आहे. टायटल सुचवलंय, ‘बोंबलाचा एन्काउंटर’.