मोरीचे तोंड केवढे असावे, हे गावाला कुणी विचारले?

आज सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तेव्हा खालच्या वाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जेसीबी उभा होता आणि पऱ्यावरची आमची मोरी निम्मी फोडून झाली होती. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे नवे नळ उतरवून ठेवले होते, प्रत्येकाचे तोंड दोन फुटांचे. या जागी किती नळ टाकणार, असे तिथल्या मुकादमाला विचारले, तर त्याने एक बोट वर केले आणि वर हेही सांगितले की काम मंजूर आहे, काही विचारायचे असेल तर कार्यालयात विचारा.

ज्यांना ही जागा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जुनी मोरी स्लॅबची होती, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच, म्हणजे पाणी जायला बारा चौरस फुटांची वाट. दोन फुटी नळाचे तोंड सव्वातीन चौरस फूटही भरत नाही. पऱ्या तोच, डोंगर तोच, पाऊस तोच, आणि वाट मात्र जवळपास चौथाईवर आणलेली. पावसाला आता तीन आठवडे उरले आहेत.

ती स्लॅबची मोरी आपोआप झालेली नव्हती. आपली ग्रामपंचायत होती तेव्हाची, शाळेच्या सभागृहातली पंधरा ऑगस्टची ग्रामसभा अनेकांना आठवत असेल. तेव्हाही नळ टाकण्याचाच प्रस्ताव होता, कारण नळ स्वस्त पडतो आणि चार दिवसांत काम उरकते. विषय वाचून झाला, मंजूर म्हणायला दोनतीन हात वर गेले, आणि मागच्या बाकावरून खालच्या वाडीतल्या काकी उठून उभ्या राहिल्या. काकी शाळेत फार शिकलेल्या नाहीत, परंतु त्यांच्या घराचे जोते पऱ्यापासून वीस पावलांवर आहे. त्या म्हणाल्या, "बाबांनो, पाणी नुसतं डोंगरातनं येत नाय, उधाणाला खाडीतनं पण वर चढतं. तेव्हा डोंगरातलं पाणी जायचं कुठं?"

मोरीचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत मावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की खाडीकडचे तोंड पाण्यानेच बंद होते. दोनतीन तास डोंगराचे पाणी मोरीच्या मागे साचत राहते. ओहोटी लागल्यावर ते जितक्या लवकर निघून जाईल तितके बरे, आणि ते किती लवकर जाईल हे मोरीच्या तोंडावर ठरते. तोंड अरुंद असेल तर पुढची भरती यायची वेळ झाली तरी अंगणातले पाणी उतरत नाही, मग विहिरीला खारट चव येते आणि सुपारीची झाडे पिवळी पडू लागतात. अभियंत्याच्या कागदावर डोंगराचा पाणलोट होता, खाडीची भरती नव्हती. त्या दिवशी अर्धा तास वाद झाला, ठराव बदलला आणि स्लॅबची मोरी झाली. त्यानंतर काकींच्या अंगणात पाणी आले नाही असे मी म्हणणार नाही, आले, पण रात्रभर थांबले नाही.

त्यानंतर आपली नगरपंचायत झाली. तालुक्याची मुख्य ठिकाणे नगरपंचायती व्हावीत असे राज्य सरकारने २०१४ मध्ये ठरवले आणि कोकणातली एकेक ग्रामपंचायत शहर होत गेली. आपण पेढे वाटले. निधी वाढेल, दिवे येतील, रस्ते होतील असे वाटले, आणि त्यातले काही झालेही, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी आपल्या हातून काय गेले याचा एका शब्दाने कुणी उल्लेख केला नाही. ग्रामसभा गेली. ग्रामपंचायत कायद्याने वर्षातून किमान चार वेळा भरवायची सभा, जिथे यादीत नाव असलेला कोणीही मतदार उभा राहून बोलू शकतो आणि ज्याचे बोलणे इतिवृत्तात उतरवावे लागते, ती एका अधिसूचनेने संपली. घाटी उतरून पलीकडच्या चारशे उंबऱ्यांच्या गावात ती आजही भरते. आम्ही शहरवासी झालो आणि विचारण्याचा हक्क गमावून बसलो.

यावर कुणी म्हणेल की शहरांसाठी प्रभाग समित्या आहेत. आहेत, पण कुठे? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समिती बंधनकारक केली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, अलिबाग यांपैकी एकही नगरपरिषद त्या आकड्याच्या जवळपाससुद्धा जात नाही, मग आमच्या बारा हजारांच्या नगरपंचायतीची काय कथा. म्हणजे गाव लहान असेल तर ग्रामसभा, शहर अफाट असेल तर प्रभाग समिती, आणि मधल्या सगळ्यांनी पाच वर्षांनी एकदा बटण दाबून घरी बसायचे. त्याच अनुच्छेदात प्रभाग समित्यांखेरीज आणखी समित्या स्थापन करण्याची मोकळीक राज्यांना दिलेली आहे. केरळने आपल्या नगरपालिका कायद्यात याच मधल्या शहरांचा विचार केला आहे. तिथे एक लाखापर्यंतच्या शहरात प्रत्येक प्रभागातल्या सर्व मतदारांची सभा असते आणि त्याहून मोठ्या शहरात प्रभागाची समिती. समुद्र त्यांचाही तोच आहे, उधाणही तेच.

दहा वाजता मी कार्यालयात गेलो. रागाने गेलो हे मान्य करतो. तिथल्या कर्मचाऱ्याने सौजन्याने फाइल दाखवली आणि ती पाहून माझा राग उतरण्याऐवजी वाढला. अंदाजपत्रक गेल्या पावसाळ्यानंतर तयार झाले. ते सर्वसाधारण सभेत एकत्रित विषयांबरोबर मंजूर झाले. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, आणि शेवटी आज सकाळचा जेसीबी. इतक्या पायऱ्यांत कितीतरी सह्या झाल्या. खालच्या वाडीतल्या एकाही माणसाला एकाही पायरीवर विचारले गेले नाही, आणि ज्या क्षणी आम्हाला कळले त्या क्षणी बदलण्यासारखे जवळपास काही उरले नव्हते, कारण कार्यादेश निघाल्यानंतर मोरीचे माप बदलायचे म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मान्यता आणि तोवर पाऊस.

नागरिकांना खरोखर विचारले की विचारल्यासारखे केले, हे ओळखायचे असेल तर सभेचा फोटो पाहू नका, तारीख पाहा. सभा अंदाजपत्रकाच्या आधीची असेल तर ती विचारणा आहे. कार्यादेशानंतरची असेल तर ती माहिती देणे आहे, आणि आम्हाला आज तेवढीही मिळाली नाही.

आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "दादा, तुम्ही निवडून दिलंय ना मला? मग तुमच्या वतीने मीच विचार करणार." ते मनाचे वाईट नाहीत. रात्री अपरात्री रुग्णवाहिकेसाठी धावणारा हा मुलगा आहे, आणि अंदाजपत्रकाचा कागद त्यांनाही सभेच्या आदल्या दिवशीच मिळाला असणार. पण त्यांच्या वाक्यातच सगळी चूक आहे. मोठ्या शहरांतल्या प्रभाग समित्याही याच समजुतीवर उभ्या आहेत. समितीत त्या भागातले नगरसेवक, प्रभाग अधिकारी आणि संस्थांमधून नेमलेले फार तर तीन सदस्य. रहिवासी म्हणून तिथे कोणालाच जागा नाही. मुंबईत २२७ नगरसेवक आणि प्रभाग समित्या वीससुद्धा नाहीत, म्हणजे एकेका समितीच्या पोटात कित्येक लाख माणसे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे निवडणूक झाली नाही, तेव्हा नगरसेवकांबरोबर त्या समित्याही गेल्या. जे व्यासपीठ नगरसेवक गेला की नाहीसे होते, त्याला नागरिकांचे व्यासपीठ म्हणायचे कसे? महापालिकांच्या कायद्यात २००९ साली क्षेत्र सभा आली, काही मतदान केंद्रांपुरत्या मतदारांची सभा. माझे कितीतरी नातेवाईक ठाण्यात आणि मुंबईत राहतात, त्यातल्या एकालाही अशा सभेची सूचना आजवर आलेली नाही.

ग्रामसभाही काही आदर्श नव्हत्या, हे लिहायला जड जाते पण लिहितो. गणसंख्येअभावी सभा तहकूब व्हायची, तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही म्हणून पंधरावीस जणांत विषय मंजूर व्हायचे, आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरायची. हे सर्व मी पाहिले आहे. तरीही त्याच सभेत काकी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना उभे राहण्याची परवानगी कुणाकडे मागावी लागली नाही. आज त्यांना बोलायचे असेल तर सर्वसाधारण सभेत त्या फक्त प्रेक्षक म्हणून बसू शकतील.

आपल्याकडे सतरा प्रभाग आहेत. बारा हजार लोकवस्तीत एका प्रभागात सरासरी सातशे माणसे, मतदार पाचशेच्या आसपास. त्यातले पन्नास जण आले तरी शाळेचा व्हरांडा भरेल. माझी मागणी एवढीच आहे की आपल्या नगरपंचायतीने ठराव करावा, की प्रभागातल्या कोणत्याही गटाराचे, मोरीचे किंवा रस्त्याचे अंदाजपत्रक तयार होण्याआधी त्या जागेवर प्रभागाची सभा होईल, सात दिवस आधी फलकावर सूचना लागेल, जे बोलले गेले ते इतिवृत्तात लिहिले जाईल, आणि जी सूचना मानली नाही तिचे कारण तिच्यासमोर लिहिले जाईल. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काकींचे म्हणणे अभियंत्याला चूक वाटले तर त्याने तसे लिहावे, आकडा देऊन लिहावे, काकींचे काही म्हणणे नाही. अशा सभांत भांडणे होतील, दोन घरांचे जुने हद्दीचे वाद निघतील, कामाला महिनाभर उशीर होईल. होऊ दे.

दुपारी काकींकडे जाऊन आलो. त्या पडवीत आमसुले वाळत घालत होत्या. मी सगळे सांगितले, तर त्यांनी एकच विचारले, "सभा कधी झाली रे? मला कुणी बोलावलं नाय." त्यांना वाटत होते की सभा झाली आणि आपल्याला बोलावायचे राहिले. सभा आता होतच नाही, हे त्यांना समजावून सांगताना मला माझीच लाज वाटली, कारण पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो.

संध्याकाळी नगरसेवकांचा फोन आला. नळ अजून बसवलेला नाही, मुख्याधिकाऱ्यांशी बोलून दोन दिवस काम थांबवतो, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या या शब्दाचा मी मनापासून आदर करतो. त्या दोन दिवसांत म्हणजे रविवारी संध्याकाळी पाच वाजता आपण सर्वांनी मोरीजवळ जमायचे आहे, अभियंत्यांनाही बोलावले आहे. जुन्या मोरीच्या मापाची पट्टी मी घेऊन येतो. कोणाकडे जुन्या पुराचे फोटो असतील, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले ते दिसणारे, तर ते छापून आणावेत. काकींना आता फार वेळ उभे राहवत नाही, तेव्हा जवळच्या घरातून कोणीतरी एक खुर्ची आणून ठेवावी.