एका मोठ्या हिरव्या कॅंडलवर शेअर घ्यावा का?

प्रश्न: "व्हॉट्सअॅपवर फिरतंय की मोठी हिरवी कॅंडल आणि जोरदार व्हॉल्यूम दिसला म्हणजे मोठे खेळाडू आत आले, दुसऱ्या दिवशी सकाळीच घ्या, स्टॉपलॉस कॅंडलच्या खाली लावा. मी नवीन आहे. घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तरी घेऊ नका.

"मोठे खेळाडू आत आले" हे कॅंडलच्या रंगावरून कळत नाही. कॅंडल म्हणजे चार्टवरची दिवसभराच्या भावाची पट्टी, आणि तिचा हिरवा रंग एवढंच सांगतो की बंद भाव उघडलेल्या भावापेक्षा वर होता. काल 120 ला बंद झालेला शेअर आज 105 ला उघडून 115 ला बंद झाला, तरी कॅंडल हिरवीच दिसते आणि शेअर मात्र 5 रुपयांनी पडलेला असतो.

व्हॉल्यूमचंही तसंच. जितके शेअर घेतले गेले तितकेच कुणीतरी विकलेही. म्हणून बाजार बंद झाल्यावर एनएसईच्या साइटवर त्या शेअरची डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे उलाढालीतले किती टक्के शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतले गेले, ती बघा आणि त्याच शेअरच्या मागच्या काही आठवड्यांशी ताडून पाहा. व्हॉल्यूम पाचपट झाला आणि डिलिव्हरी नेहमीच्या 50 टक्क्यांवरून 15 वर आली, तर बहुतेक उलाढाल त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांची होती. मग कंपनीने एक्स्चेंजला काय कळवलंय ते वाचा: निकाल, ऑर्डर, काहीतरी. काहीच नसेल आणि शेअरचं नाव टेलिग्राम-यूट्यूबवर गाजत असेल, तर लांब राहा. साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत सेबीने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला, तो यूट्यूबवरच्या दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंवरूनच.

सगळ्यात घातक सल्ला "सकाळीच घ्या" हा. समजा शेअर तीन महिने 92 ते 104 मध्ये अडकला होता. एके दिवशी 101 ला उघडला, 100 चा तळ करून 118 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी उघडतोच 122 ला. स्टॉपलॉस कॅंडलच्या खाली, म्हणजे 99. एका शेअरमागे 23 रुपयांची जोखीम! खात्यात 50,000 असतील आणि एका सौद्यात 500 पेक्षा जास्त घालवायचे नसतील, तर फक्त 21 शेअर बसतात. नवखा माणूस हा हिशोब न करता 200 घेतो. स्टॉपलॉस लागला की 4,600 गेले.

थांबलात आणि भाव 106 पर्यंत खाली येऊन, कमी व्हॉल्यूमवर, जुन्या 104 च्या वर टिकला, तर त्याच 99 च्या स्टॉपलॉसला जोखीम 7 रुपये राहते आणि त्याच 500 मध्ये 71 शेअर येतात. नाही आला खाली, तर तो सौदा आपला नव्हता, सोडून द्या.

शेवटी शेअरचा सर्किट बँड, म्हणजे भाव एका दिवसात जास्तीत जास्त किती टक्के वर-खाली जाऊ शकतो ती मर्यादा, बघा. 5 टक्के बँडचा छोटा शेअर लोअर सर्किटला, म्हणजे खालच्या मर्यादेला, लागला की घेणाराच नसतो. तुमचा स्टॉपलॉस ट्रिगर होतो, पण ऑर्डर रांगेत पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी शेअर पुन्हा 5 टक्के खाली उघडू शकतो. अशा शेअरमध्ये 99 चा स्टॉपलॉस कागदावरच राहतो, म्हणून वरचा सगळा हिशोब तिथे लागू होत नाही.