प्रारब्धावरच्या माझ्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

«प्रारब्ध भोगूनच संपतं म्हणता, मग माणसाच्या हातात उरतं काय? गरिबाला गप्प बसवायची ही जुनी युक्ती आहे. शिवाय तुम्ही क्रियमाण आणि आगामी एकच धरलंत. जरा अभ्यास करून लिहा.»

सर, क्रियमाण म्हणजे आत्ता घडतं ते कर्म आणि आगामी म्हणजे त्याचं पुढं येणारं फळ, असा फरक काही ठिकाणी करतात. तो मी दाखवायला हवा होता, मान्य. पण ‘जरा अभ्यास करून’ हे शब्द लागले. मतभेद सांगायला माणसाला खाली दाखवावं लागत नाही.

मी खानापूरचा. लहानपणी कुंभाराच्या अंगणात तासन्‌तास बसलोय. तो काठीनं चाकाला वेग देतो, काठी काढून घेतली तरी चाक फिरत राहतं. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी प्रारब्धाला हाच दृष्टांत दिलाय. ज्ञानानं संचित, म्हणजे मागचं साठलेलं कर्म, जळतं, पण फळ द्यायला लागलेलं कर्म त्याचा वेग सरेपर्यंत थांबत नाही. तुम्ही इथंच थांबलात. चाक फिरत असताना त्यावर माती कसली ठेवायची आणि पुन्हा काठी घालायची का, हे कुंभारच ठरवतो ना?

योगसूत्रांत कर्माचं फळ तीनच गोष्टींत सांगितलंय: जन्म, आयुष्य आणि भोग. सुखदुःख भोगात आलं. त्यावर तुम्ही काय करता, ते या तिन्हींत कुठंच नाही.

एकोणिसाव्या वर्षी कौलांच्या कारखान्यात माती मळायच्या यंत्रात माझा डावा हात गेला. रक्त थांबेना, मिळेल त्या गाडीनं बेळगाव गाठलं. तरी दोन बोटं गेली. धावपळ करूनही जे टळलं नाही, त्याला मी प्रारब्ध म्हणतो, आणि तेही झाल्यावर. आधी कुणालाच कळत नाही, म्हणून आधी प्रयत्न सोडायचा हक्कही कुणाला नाही. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणत घरी बसलो असतो आणि अख्खा हात सडला असता, तर ते गेल्या जन्माच्या नावावर टाकता आलं नसतं. कर्म याच जन्मातही पिकतं, हेही योगसूत्रांतच आहे.

पुढं मालकाचा राग वर्षभर डोक्यात होता. राग उसळणं माझ्या हाती नव्हतं, तो जुना संस्कार. पण एकदा रात्री दगड घेऊन त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. ते परत फिरणं माझं क्रियमाण. ते कुणी आधी लिहून ठेवलं होतं, असं मला सांगू नका.

गरिबाला गप्प बसवण्याबद्दल मी लेखात एक ओळही लिहिलेली नाही, तेव्हा ते मला चिकटवू नका. याज्ञवल्क्य स्मृतीत म्हटलंय की एका चाकानं रथ चालत नाही, तसं प्रयत्नावाचून दैव सिद्धीला जात नाही. पुढची प्रतिक्रिया लिहायच्या आधी तेवढा श्लोक वाचा.