आरएसच्या पेपरसाठी फिरणारा तो मेसेज आणि त्यातल्या चुका

"आरएसवाल्या मुलांसाठी सोप्पी ट्रिक. फंडामेंटलिस्ट म्हणजे कट्टर, हिंसक, आधुनिक जगाचा शत्रू. प्लुरलिस्ट म्हणजे सहिष्णू, सगळे धर्म सारखेच मानणारा. दोन्ही एकमेकांच्या बरोब्बर उलट. पहिल्याला उदाहरण इस्लाम नाहीतर ख्रिश्चन, दुसऱ्याला हिंदू नाहीतर बौद्ध. शेवटी दोन्ही बाजू फिफ्टी-फिफ्टी लिहा, मार्क पक्के."

मी इथे इंग्लंडमधे सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना, रिलिजस स्टडीज म्हणजेच आरएस शिकवते आणि हा मेसेज मला या वर्षी आपल्याच मराठी पालकांकडून तीनदा आलाय. चिडून लिहित नाहीये, पण याच्यावर विसंबून मुलं पेपर लिहितात आणि मार्क जातात ते मी बघते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

"कट्टर, हिंसक, आधुनिक जगाचा शत्रू"

हा शब्द कुठून आला ते आधी बघा. 1910 ते 1915 या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या 12 पुस्तिका निघाल्या, एकूण 90 निबंध, आणि लायमन स्ट्युअर्ट नावाच्या कॅलिफोर्नियातल्या खनिज तेलाच्या व्यापाऱ्याने भावाबरोबर खर्च उचलून त्या पाद्री, मिशनरी, धर्मशास्त्राचे विद्यार्थी यांना फुकट वाटल्या. बायबल चुकूच शकत नाही, येशूचा कुमारीपोटी जन्म, त्याचं देहासकट पुन्हा उठणं, या गोष्टी म्हणजे पाया आणि त्यावर तडजोड नाही असा एकूण सूर. मग 1920 मधे कर्टिस ली लॉज नावाच्या बॅप्टिस्ट संपादकाने या पायासाठी झगडायला तयार असलेल्यांना 'फंडामेंटलिस्ट' असा शब्द काढला, आणि तो कौतुकाने काढला होता, शिवी म्हणून नाही.

आता यातली गोष्ट जी मुलांच्या लक्षातच येत नाही ती ही, की हे भांडण कुणाशी होतं? मुसलमानांशी नाही, हिंदूंशी नाही, नास्तिकांशीसुद्धा आधी नाही. भांडण होतं स्वतःच्याच चर्चमधल्या उदारमतवाद्यांशी, जे म्हणत होते की बायबलही इतर जुन्या ग्रंथांसारखं इतिहासाच्या कसोटीवर तपासावं. म्हणजे फंडामेंटलिझम हे आधी घरातलं भांडण आहे. वर्गात मी व्याख्या अशी देते: एक, ग्रंथ अचूक आणि शेवटचा अधिकार त्याचाच, दोन, परंपरेतल्या काही मोजक्या श्रद्धा उचलून 'आपला कोण' हे ठरवायची कसोटी करणं, तीन, हे सगळं आधुनिकतेला उत्तर म्हणून, विशेषतः आपल्याच धर्मात शिरलेल्या आधुनिक विचाराला उत्तर म्हणून करणं. यात हिंसा कुठेच नाहीये. काही गट हिंसेकडे जातात, ते जरूर लिहा, पण ती व्याख्या नाही, आणि बहुतेक जण तिकडे जात नाहीत.

'आधुनिकतेचा शत्रू' हेही अर्धवट. फंडामेंटलिस्टांच्याच मूडी बायबल इन्स्टिट्यूटने 1926 मधे शिकागोत स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं होतं, तेव्हाचं सगळ्यात नवं तंत्रज्ञान. आणि त्या पुस्तिकांच्या लेखकांत स्कॉटलंडचे जेम्स ऑर होते ज्यांना उत्क्रांतीची कल्पना काही मर्यादेत मान्य होती! त्यामुळे विरोध यंत्रांना नसतो, विरोध असतो तो 'सत्य काय ते माणसाची बुद्धी ठरवणार' या विचाराला. पेपरात एवढा एक फरक स्वच्छ मांडला तरी परीक्षकाला कळतं की या मुलाला विषय समजलाय.

"प्लुरलिस्ट म्हणजे सगळे धर्म सारखेच मानणारा"

हा घोळ आपल्या घरातून येतो असं मला वाटतं. आपली मुलं सर्वधर्मसमभाव ऐकत मोठी होतात, आजी म्हणते देव सगळे एकच, आणि मग पेपरात प्लुरलिझम दिसला की तेच उतरवतात. पण समभाव म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं याबद्दलची गोष्ट. प्लुरलिझम, निदान धर्मशास्त्राच्या पेपरातला, हा सत्याबद्दलचा दावा आहे आणि तो चांगलाच बोचरा आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक घ्या, कारण प्रश्न बहुतेक त्याच्यावरच येतो. तरुणपणी हा माणूस स्वतः कडक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच प्रमाण मानणारा ख्रिश्चन होता, हे मुलांना सांगितलं की ती चमकतात. 1967 मधे तो बर्मिंगहॅमला प्राध्यापक म्हणून आला, शहरात शीख, मुसलमान, हिंदू, ज्यू सगळे, आणि तो गुरुद्वारा, मशीद, मंदिर, सिनेगॉग सगळीकडे जायला लागला. त्याला दिसलं की शब्द, मूर्ती, गाणी वेगळी असली तरी माणसं तिथे जे करतायत ते तेच आहे, स्वतःपेक्षा मोठ्या कशाकडे तरी मन उघडणं. यातून त्याचा सिद्धांत आला: अंतिम सत्य जसं आहे तसं कुणालाच दिसत नाही, प्रत्येक संस्कृतीला ते आपापल्या चष्म्यातून दिसतं, कुणाला अल्ला, कुणाला ख्रिस्ताचा पिता, कुणाला निर्गुण ब्रह्म. चष्म्याचा विचार त्याने जर्मन तत्त्वज्ञ कांटकडून घेतला.

पण म्हणून काहीही चालतं असं तो म्हणत नाही. त्याची कसोटी आहे: या मार्गाने माणूस 'मी'पासून सुटून त्या सत्याकडे वळतो का? वळत नसेल तर तो मार्ग त्या पंगतीत बसत नाही. आणि किंमतही मोजावी लागते. येशू हाच देवाचा एकमेव अवतार असं अक्षरशः मानलं तर बाकीचे मार्ग आपोआप खालचे होतात, म्हणून हिक अवतार हे रूपक आहे असं म्हणतो. एखाद्या श्रद्धाळू ख्रिश्चनाला यात आपल्या धर्माचा गाभाच काढून घेतल्यासारखं वाटलं तर नवल नाही. गॅव्हिन डिकोस्टा या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने 1996 मधे नेमकं इथेच बोट ठेवलं: हिककडेही सत्याची कसोटी आहे, तीत न बसणाऱ्याला तोही बाहेर ठेवतो, मग तोही एका अर्थी एक्सक्लुझिव्हिस्टच, म्हणजे एकच मार्ग खरा मानणाराच झाला. हा आक्षेप मला पूर्ण पटत नाही, कारण कसोटी असणं आणि एकाच धर्माला मक्ता देणं यात फरक आहे, पण मुलांना तो माहीत हवा.

"दोन्ही एकमेकांच्या बरोब्बर उलट"

नाही. धर्मशास्त्रीय प्लुरलिझमच्या उलट एक्सक्लुझिव्हिझम, म्हणजे मोक्ष एकाच मार्गाने. आणि प्लुरलिझमचा दुसरा एक अर्थ आहे, समाजात अनेक धर्म समान हक्काने नांदणं, त्याच्या उलट सक्ती. हे दोन अर्थ एकत्र कालवले की निबंध तिथेच बसतो.

यासाठी मी मुलांना केरळचं प्रकरण सांगते. 1985 मधे तिथल्या शाळेतून तीन भावंडांना काढलं. ती यहोवाज विटनेस पंथाची, राष्ट्रगीताला उभी राहायची, आदराने, पण गायची नाहीत, कारण देवाखेरीज कशाचीही स्तुती गायची नाही अशी श्रद्धा. आता या पंथाचं मत बघा, बायबल हेच सत्य, खरा मार्ग आपलाच. त्यांना फंडामेंटलिस्ट म्हणावं का यावर वाद आहे, ते स्वतः हे लेबल नाकारतात, पण एक्सक्लुझिव्हिस्ट तर नक्कीच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1986 मधे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी मुलांना परत घ्यायला सांगितलं, त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि कुणी गाण्याची सक्ती करू शकत नाही म्हणून. म्हणजे धर्माच्या बाबतीत तसूभरही न हलणाऱ्या एका कुटुंबामुळे भारतातला सामाजिक प्लुरलिझम पक्का झाला. हे एक उदाहरण नीट लिहिलं तर तो 'बरोब्बर उलट' मुद्दा उभाच राहत नाही.

"पहिल्याला इस्लाम, दुसऱ्याला हिंदू"

हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण आपण आपल्या मुलांना नकळत एक बाजू चांगली नि एक वाईट असं शिकवतोय, आणि परत ते चूकही आहे.

मागच्या टर्मला एका मराठी मुलीने गीतेतला नवव्या अध्यायाचा 23वा श्लोक प्लुरलिझमचं उदाहरण म्हणून लिहिला. दुसऱ्या देवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, इथपर्यंत तिने लिहिलं आणि थांबली. मी तिला म्हटलं, शेवटचा शब्द वाच ना. 'अविधिपूर्वकम्'. म्हणजे भजतात मलाच, पण रीत चुकीची. ज्ञानेश्वरांनी यावर म्हटलंय की फांद्या नि पानं झाडाचीच असतात, पण पाणी मुळालाच घालायचं असतं. कान आणि तोंड एकाच शरीराचे, म्हणून पक्वान्न कुणी कानात भरतं का. हे इन्क्लुझिव्हिझम आहे, दुसऱ्याचं चांगलं आहे पण ते आपल्यातच मोडतं, आणि कॅथलिक विचारवंत कार्ल रानर ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्या भल्या माणसाला 'अनामिक ख्रिश्चन' म्हणतो तेव्हा घडण तीच असते. तिने ती तुलना पुढच्या निबंधात घातली, आणि तो निबंध खरंच सुंदर झाला.

दुसरीकडे कुराणात 5:48 आहे, देवाने मनात आणलं असतं तर तुम्हाला एकच समुदाय केलं असतं, तर मग सत्कर्मात एकमेकांशी चढाओढ करा. आणि 3:85 ही आहे, इस्लामखेरीज दुसरा धर्म स्वीकारला जाणार नाही. एकाच ग्रंथात दोन्ही, आणि मुसलमान विद्वान शतकानुशतकं त्यावर वाद घालतायत.

हिंदूंकडे मूळ ग्रंथाकडे परत जाण्याचं उदाहरण हवं असेल तर आर्य समाज घ्या, 1875, मुंबई. स्वामी दयानंद म्हणाले वेद हेच निर्दोष सत्य, आणि इतर धर्मांवर त्यांनी कडक टीकाही केली. पण त्याच वेदांच्या आधारावर त्यांनी जन्मावरून ठरणारी जात नाकारली, मूर्तिपूजा नाकारली, मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली. याला फंडामेंटलिझम म्हणायचं का? वरच्या तीन कसोट्या लावून बघितलं तर पहिल्या दोन बऱ्याचशा बसतात, तिसरी अर्धी, कारण आधुनिक विचाराशी त्यांचं भांडणही आहे नि हातमिळवणीही. असं लिहिणं म्हणजे संतुलन. प्रत्येक धर्माला एक गोड नि एक कडू वाटून देणं म्हणजे संतुलन नव्हे, एकच फूटपट्टी सगळ्यांना लावणं म्हणजे संतुलन.

"फिफ्टी-फिफ्टी लिहा"

ओसीआर बोर्डाच्या 40 मार्कांच्या निबंधात माहितीला 16 आणि युक्तिवादाला 24 असतात. दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या लिहून 'म्हणून दोघांचंही थोडं बरोबर' असं संपवलं तर त्या 24 मधले बरेच जातात, कारण निर्णय कुठेच दिसत नाही. त्या मुलीच्या पहिल्या निबंधाचं शेवटचं वाक्य होतं की हिक आणि त्याचे टीकाकार दोघांचेही मुद्दे महत्त्वाचे आहेत. दुसऱ्यात तिने लिहिलं की हिकची कसोटी माणसाच्या वागण्यावर उभी आहे म्हणून ती डिकोस्टाच्या आक्षेपातून तगते, पण अवताराला रूपक म्हटल्यामुळे ज्यांच्या वतीने तो बोलतो त्या ख्रिश्चनांनाच ती मान्य होणं अवघड आहे. निर्णय तिचा होता, कारण समोर होतं, आणि मी तिथे लाल पेन टेकवलं नाही.