शनिवारची शेवभाजी आणि आखाजीचे मांडे

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. भांडण नाही, तक्रार नाही. पण मागच्या हिवाळ्यात एकदा लक्षात आलं की दिवसभरात आम्ही एकमेकांशी जे बोलतो ते सगळं एका चिठ्ठीवर मावेल. पाणी आलं का, सिलिंडर लावला का, पोरीची फी भरली का. संपलं.

यावर आमचा इलाज ठरलेला होता. दर शनिवारी जळगावच्या बाहेर एका ढाब्यावर शेवभाजी. तोच कोपरा, तीच ऑर्डर. पोऱ्याही विचारत नाही, आणून ठेवतो. जेवण उत्तम असतं, पण जेवताना ती तिच्या मोबाइलमध्ये आणि मी माझ्या.

आर्थर अ‍ॅरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं याच विषयावरचं काम वाचलं तेव्हा त्या ढाब्याची गंमत कळली. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५३ जोडप्यांवर दहा आठवडे एक प्रयोग केला. काही जोडप्यांनी आठवड्यातून दीड तास एकत्र काहीतरी छान, सुखाचं करायचं. काहींनी तेवढाच वेळ काहीतरी थरारक, नेहमीपेक्षा वेगळं करायचं. उरलेल्यांनी काहीच वेगळं करायचं नाही. शेवटी दुसऱ्या गटाचं समाधान पहिल्या गटापेक्षा जास्त निघालं. नुसतं छान वेळ घालवणारे मात्र काहीच न करणाऱ्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. म्हणजे आमची शेवभाजी त्या छान गटातली. (शेवभाजीचा दोष नाही, तिच्यावर माझं प्रेम अबाधित आहे.)

पुढच्या एका प्रयोगात तर त्यांनी नवरा-बायकोचे हात-पाय एकमेकांना बांधले आणि गादीवर रांगत एक उशी पलीकडे न्यायला लावली. उशीला हात लावायचा नाही, दातही नाही. हे सगळं जेमतेम सात मिनिटं. तेवढ्यानेही दोघांना नातं आधीपेक्षा बरं वाटलं. मला त्यातलं हे पटलं, की त्या उशीच्या बाबतीत दोघंही सारखेच अडाणी होते.

कारण आमचा पहिला प्रयत्न नेमका तिथेच फसला होता. मी उत्साहात म्हणालो, भरीत आपण दोघं मिळून करू. ती लहानपणापासून भरीत करते, मी वांगं आयुष्यात पहिल्यांदा भाजत होतो. पाच मिनिटांत ती मास्तरीण आणि मी ढ विद्यार्थी. "सरका, मीच करते" या वाक्यावर कार्यक्रम आटोपला.

मग आखाजीला अमळनेरकडे सासुरवाडीला गेलो. चुलतसासूबाई खापरावर मांडे करत होत्या. बायकोला पोळपाटावरची पुरणपोळी येते, पण खापरावरचा मांडा तिनेही कधी केला नव्हता. मी म्हटलं, दोघांना शिकवा. आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसू दे.

कणीक इतकी सैल की हातात धरवत नाही. पुरण भरलेला गोळा ओल्या हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरू द्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. माझा पहिला मांडा हवेतच फाटला, पुरण खापरावर सांडून जळालं, धूर डोळ्यांत. "जवाईबापू, पीठले का बरं घाबरतस?" बायको जाळ सांभाळत होती, ती हसून लोळायची बाकी. मग तिची पाळी. तिचा मांडा खापरावर पडला, पण अर्धा. उरलेला तिच्या मनगटाला लटकत होता.

मग आपोआपच आमच्यात एक भाषा तयार झाली. "आता", "थांब", "जाळ ओढ". चौदा गोळ्यांत तीन मांडे अखंड निघाले. ते आमरसाबरोबर खाताना कोणता कोणी केला यावर वाद झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा इतक्या फालतू गोष्टीवर आम्ही इतका वेळ बोललो असू.

यातली एक मेख बायकोने दाखवली. परतताना ती म्हणाली, "पुरण शिजवून वाटून ठेवलं काकूंनी, खरकटं काढलं वहिनीने. हे सगळं माझ्याकडे असतं तर मला कसली मजा?" खरंच आहे. नवरा सहलीची घोषणा करतो आणि बायको पहाटे चारला उठून डबे भरते, तेव्हा नवा अनुभव एकट्यालाच मिळतो. आणि मनात जुनी ठसठस असेल, सासरच्या बोलण्याची किंवा पैशांची, तर मांड्यांनी ती जात नाही. ती बोलूनच काढावी लागते. हा इलाज फक्त कंटाळ्यावरचा आहे.

शिवाय तो शिळाही होतो. दिवाळीत पुन्हा मांडे केले तेव्हा बरेच जमले आणि मजा निम्मीच आली. ढाबा चालूच आहे, पण आता महिन्यातून एकदा. बाकीच्या शनिवारी दोघांनाही न येणारं काहीतरी शोधायचं, आणि तयारी ज्याने सुचवलं त्याने करायची.

या वेळी तिची पाळी होती. पहाटे मेहरूण तलावावर पक्षी बघायचे म्हणते. आम्हा दोघांना कावळा आणि साळुंकी सोडून एकही ओळखता येत नाही. जळगावात कोणाकडे जुनी दुर्बीण पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, रविवारी संध्याकाळी परत आणून देतो.