दात घासल्यावर चूळ भरू नये, असं माझं मत आहे

हे वाचून बऱ्याच जणांना कसंसंच होईल, याची कल्पना आहे. भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. तरी माझं म्हणणं एकदा ऐकून घ्या.

दात स्वच्छ होतात ते ब्रशमुळे. पेस्टचं मुख्य काम वेगळंच आहे. आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की तोंडातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपून बाहेर पडू लागतात. नंतर लाळ ही खनिजं हळूहळू परत भरून काढते. लाळेत पेस्टमधून आलेलं थोडं फ्लोराइड असेल तर ही भरपाई लवकर होते आणि भरून आलेला भाग पुढच्या आम्लाला जास्त दाद देत नाही. म्हणजे फ्लोराइड थोडंच असलं तरी चालतं, पण ते तोंडात टिकायला हवं. आणि आपण दोन मिनिटं घासतो नि दहा सेकंदांत ते धुऊन टाकतो!

रात्रीचं उदाहरण घ्या. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दातांचं संरक्षण कमी होतं. पण त्याच कारणाने तोंडात राहिलेलं फ्लोराइडही लवकर वाहून जात नाही. म्हणून निदान रात्री तरी वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यावी, घासून झाल्यावर दोन-तीनदा नीट थुंकावं आणि ब्रश धुऊन ठेवावा. फेसाने नकोसं होत असेल तर बहुधा पेस्ट जास्त घेतली जातेय. माउथवॉशही लगेच नको. रोजच्या वापराच्या माउथवॉशमध्ये फ्लोराइड असलं तरी साधारण २२५ पीपीएम असतं, पेस्टमध्ये बहुतेक वेळा १००० ते १५००. जास्तीचं धुऊन कमी कशाला लावायचं?

मर्यादाही सांगायला हव्यात. पेस्टमध्ये फ्लोराइडच नसेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. ट्यूबवर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट लिहिलंय का बघा. नीट थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी, कारण दात तयार होण्याच्या वयात फ्लोराइड सतत पोटात गेलं तर दातांवर पांढरे डाग पडू शकतात. पिण्याच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असेल तर आधी दंतवैद्यांना विचारा. चूळ न भरल्याने कीड नेमकी किती कमी होते, यावर सगळे अभ्यास एकाच निष्कर्षाला येत नाहीत, हेही खरं. तरीही न भरण्यात मला तोटा दिसत नाही.

तुम्हाला दिसतो का? विशेषतः दंतवैद्य मंडळींनी लिहावं, तुम्ही पेशंटना काय सांगता आणि ते ऐकतात का? आणि ज्यांनी ही सवय लावायचा प्रयत्न करून सोडून दिला, त्यांना नेमकं काय जमलं नाही?