सोलर पंपाच्या ड्राइव्हमध्ये आयजीबीटीच का

«आयजीबीटीवर कायम दोन व्होल्ट पडतात, मॉसफेटला नुसते मिलिओहम असतात. शिवाय मॉसफेट झटकन बंद होतो, म्हणजे स्विचिंग लॉसही शून्यच धरा. पाच एचपीच्या सोलर पंपाच्या ड्राइव्हमधले सहा आयजीबीटी काढून तेवढ्याच व्होल्टेजचे मॉसफेट बसवा. पाय सारखे, गेट सारखा. हीटसिंक थंड राहील.»

हा सल्ला आहे ड्राइव्हमधल्या, म्हणजे पॅनलच्या डीसीतून मोटरसाठी एसी बनवणाऱ्या पेटीतल्या, इलेक्ट्रॉनिक स्विचांबद्दल; आयजीबीटी आणि मॉसफेट हे त्याचे दोन प्रकार. यातले शेवटून दुसरे वाक्य खरे आहे, आणि त्यामुळेच बाकीचा सल्ला धोक्याचा ठरतो. दोन्ही भागांचा आकार एकच असतो, तिन्ही पाय त्याच क्रमाने येतात आणि 15 व्होल्टच्या गेटवर दोन्ही नीट चालू होतात. जे सहज बसते ते सहज बसवले जाते, आणि चूक बोर्डावर दिसत नाही.

मिलिओहमपासून सुरुवात करू. हा शब्द कोणत्या व्होल्टेजच्या मॉसफेटला लागू पडतो हे आधी विचारले पाहिजे. 100 व्होल्टच्या मॉसफेटचा चालू अवस्थेतला रोध चार-पाच मिलिओहम असतो, यात शंका नाही. परंतु तीन फेजच्या पाच एचपी पंपाच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस पंप चालू असताना 560 व्होल्टच्या आसपास असते, आणि पंप बंद असताना, विशेषतः हिवाळ्यातल्या सकाळी पॅनल थंड असताना, ती 700 च्या वर जाते. म्हणून तिथे 1200 व्होल्टचाच भाग लागतो. बंद अवस्थेत हे व्होल्टेज पेलण्यासाठी चिपमध्ये एक जाड थर ठेवावा लागतो आणि त्यात डोपिंग मुद्दाम विरळ ठेवावे लागते. मॉसफेट चालू झाल्यावर सगळा प्रवाह याच थरातून, केवळ इलेक्ट्रॉनांच्या भरवशावर जातो. साध्या सिलिकॉन मॉसफेटमध्ये त्याच क्षेत्रफळाच्या चिपवर या थराचा रोध व्होल्टेजच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढतो, म्हणजे व्होल्टेज दुप्पट केले की रोध साडेपाच पटींच्या पुढे जातो. 100 वरून 1200 व्होल्टवर येईपर्यंत मिलिओहमचे ओहम झालेले असतात. मोठी, महागडी चिप घेतली तरी 1200 व्होल्टच्या सिलिकॉन मॉसफेटचा रोध 25 अंशांवर अर्ध्या ओहमच्या घरात असतो, आणि चिप तापून 125 अंशांपर्यंत गेली की तो दुपटीने वाढून एक ओहम होतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा आकडा 25 अंशांचा असतो. मे महिन्यात शेतातल्या पत्र्याच्या पेटीत तो कधीच लागू नसतो.

आयजीबीटीनेही तोच जाड थर ठेवलेला असतो. फरक एवढाच, की त्याच्या तळाशी एक पी-प्रकारचा थर असतो आणि चालू होताच तो या विरळ थरात होल, म्हणजे धन प्रभाराचे वाहक, सोडू लागतो. इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही तिथे दाटीने भरतात आणि रोध कोसळतो. बी. जयंत बालिगा यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रचनेवर काम केले, तिचे मर्म हेच आहे. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे जंक्शनचा सुमारे 0.9 व्होल्टचा उंबरठा कायम राहतो. दुसरी म्हणजे बंद करताना भरलेले हे वाहक उपसून काढावे लागतात, आणि तेवढा वेळ प्रवाहाची शेपटी रेंगाळते. आयजीबीटीचा कमी कंडक्शन लॉस, म्हणजे चालू असतानाचा लॉस, आणि जास्त स्विचिंग लॉस, म्हणजे चालू-बंद होतानाचा लॉस, ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत. त्यातले एकच उचलून तुलना करता येत नाही.

आता हिशेब. पाच एचपीचा सबमर्सिबल पंप पूर्ण भारावर सुमारे 9 अँपिअर घेतो असे धरले, तर प्रवाहाचे शिखर 12.7 अँपिअर येते. 25 अँपिअर, 1200 व्होल्टच्या आयजीबीटीसाठी गरम अवस्थेत उंबरठा 0.9 व्होल्ट आणि त्यावरचा रोध 0.05 ओहम धरणे रास्त आहे. म्हणजे शिखरावर त्याच्यावर दीड व्होल्ट पडतात, आणि दोन व्होल्ट ओलांडायला 22 अँपिअरच्या पुढे जावे लागते. «कायम दोन» ही गोष्ट डेटाशीटमधला पूर्ण रेटिंगचा आकडा सगळीकडे लावल्यामुळे आली आहे. मॉसफेटवर त्याच शिखराला, एक ओहम धरता, 12.7 व्होल्ट पडतात.

साइन-पीडब्ल्यूएम इन्व्हर्टरमध्ये एका स्विचचा सरासरी कंडक्शन लॉस असा निघतो:

```
P = V0·Ip·(1/2π + m·cosφ/8) + r·Ip²·(1/8 + m·cosφ/3π)
```

यात V0 म्हणजे उंबरठा, r म्हणजे त्यावरचा रोध आणि Ip म्हणजे प्रवाहाचे शिखर. मॉड्युलेशन m 0.9 आणि पॉवर फॅक्टर cosφ 0.8 घातला की आयजीबीटीसाठी 4.5 वॉट येतात. मॉसफेटला उंबरठा नसल्याने पहिले पद शून्य होते, पण दुसऱ्या पदातूनच 32.5 वॉट निघतात. सहा स्विच मिळून एका बाजूला 27 वॉट आणि दुसऱ्या बाजूला 195 वॉट. हा फरक सात पटींचा आहे, आणि अजून स्विचिंगची गोष्ट निघालेलीच नाही.

ती काढल्यावर मॉसफेटची बाजू सावरते का, हे पाहताना मी त्याला हवी ती सवलत देतो: त्याचा स्विचिंग लॉस खरोखरच शून्य माना. वरच्या आयजीबीटीच्या चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या ऊर्जेची बेरीज 600 व्होल्ट, 25 अँपिअर आणि गरम चिप या स्थितीत 4 मिलिजूल धरू. प्रत्यक्ष प्रवाह आणि बस व्होल्टेज कमी असल्याने, आणि प्रवाह साइनच्या आकाराने चढत-उतरत असल्याने, 4 किलोहर्ट्झवर एका आयजीबीटीचा स्विचिंग लॉस 2.4 वॉट येतो. शेपटी धरूनच हा आकडा आहे. एकूण झाले 6.9 वॉट. हा लॉस फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात वाढतो, म्हणजे दर किलोहर्ट्झला 0.6 वॉट. मॉसफेटच्या 32.5 वॉटची बरोबरी करायला आयजीबीटीला 46 किलोहर्ट्झपर्यंत पळवावे लागेल. पंपाचे ड्राइव्ह 2 ते 8 किलोहर्ट्झवर चालतात, कारण मोटरच्या वाइंडिंगचा इंडक्टन्सच प्रवाह पुरेसा गुळगुळीत करतो. त्याहून वर जाण्याची पंपाला गरजच नसते.

आणि ती शून्याची सवलतही मुळात द्यायला नको होती. इन्व्हर्टरच्या पायात एक स्विच बंद झाला की मोटरचा प्रवाह समोरच्या भागाच्या डायोडमधून फिरतो. आयजीबीटीसोबत त्याच पॅकेजमध्ये वेगळा, जलद आणि हळुवार सावरणारा डायोड दिलेला असतो. मॉसफेटचा डायोड मात्र त्याच्या रचनेतूनच आलेला असतो. 1200 व्होल्टच्या सिलिकॉन मॉसफेटमध्ये तो सुस्त असतो आणि त्यात बराच चार्ज साठतो. पुढच्या वेळी समोरचा स्विच चालू झाला की हा सगळा चार्ज उपसण्याचा भार त्या स्विचवर, पूर्ण बस व्होल्टेज असताना पडतो. म्हणजे नव्या मॉसफेटचा चालू होतानाचा लॉस त्याच्या स्वतःच्या वेगावर ठरत नाही. जोडीदाराच्या डायोडवर ठरतो. हे सावरणे फार झटक्याने झाले तर भाग जागीच फुटू शकतो.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका ड्राइव्हमध्ये हाच बदल केलेला होता. तक्रार चमत्कारिक होती. सकाळी पंप नीट चालायचा आणि ऊन चढले की «शॉर्ट सर्किट» दाखवून ट्रिप व्हायचा. मोटर बदलली, केबल बदलली, तरी तेच. मोटर काढून मेगर केली तर इन्सुलेशन उत्तम होते. उलगडा झाला तो गेट ड्रायव्हरकडे पाहिल्यावर. तो ड्रायव्हर चालू अवस्थेत स्विचवरचे व्होल्टेज पाहत राहतो आणि ते सुमारे 7 व्होल्टच्या वर गेले की शॉर्ट झाला असे समजून सगळे गेट बंद करतो. दीड व्होल्ट पडणाऱ्या आयजीबीटीसाठी ही सीमा अगदी योग्य आहे. मॉसफेट बसवल्यावर सकाळच्या कमी उन्हात पंप हळू फिरे, प्रवाह 8 अँपिअरच्या शिखरापर्यंतच जाई, चिप थंड असे आणि तिच्यावर चार व्होल्ट पडत. दहाच्या सुमारास प्रवाह वाढे, त्याने चिप तापे, तापल्याने रोध वाढे आणि रोध वाढल्याने ती आणखी तापे. सात व्होल्टची रेघ ओलांडली जाई, आणि ड्रायव्हर त्याला सांगितलेले काम चोख करी. त्या शेतकऱ्याचे केबलवर गेलेले पैसे मला आजही खटकतात. कोणी ड्रायव्हरची ती सीमा वाढवून मार्ग काढला असता, तर खरा शॉर्ट आला त्या दिवशी ड्राइव्ह जळला असता.

मूळ सल्ल्यात तथ्य कुठे आहे तेही सांगितले पाहिजे. 48 व्होल्टच्या ई-रिक्षाच्या कंट्रोलरमध्ये किंवा 12 व्होल्ट बॅटरीच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये आयजीबीटी बसवणे चूकच ठरेल: 100 अँपिअरला 4 मिलिओहमवर 0.4 व्होल्ट पडतात, आयजीबीटीचा तर उंबरठाच त्याच्या दुप्पट आहे. 600 व्होल्टच्या वर्गातही सुपरजंक्शन मॉसफेटने अडीचाव्या घाताचा नियम मोडला आहे. आणि 1200 व्होल्टवर सिलिकॉन कार्बाइडचा मॉसफेट घेतला तर चित्र खरोखर बदलते. 80 मिलिओहमचा भाग गरम होऊन 120 झाला तरी वरच्याच सूत्राने त्याचा कंडक्शन लॉस 3.9 वॉट येतो, आणि स्विचिंग लॉस आयजीबीटीच्या लहानशा हिश्श्यावर उतरतो. परंतु 4 किलोहर्ट्झच्या पंपात वाचण्यासारखा स्विचिंग लॉसच सहा स्विच मिळून 15 वॉटच्या आत आहे, आणि पंप 3,700 वॉटचा आहे. त्या बदल्यात पल्सची कड फार तीव्र होते. बोअरमध्ये शंभर मीटर केबल सोडलेली असेल तर मोटरच्या टोकाशी पल्स परावर्तित होऊन व्होल्टेज दुपटीपर्यंत आयजीबीटीनेही जाते. कड अधिक तीव्र असली की वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर त्याचा मोठा वाटा पडतो. मग ड्राइव्हच्या तोंडाशी फिल्टर लावावा लागतो.

ज्याला आपल्या ड्राइव्हमध्ये कोणता लॉस मोठा आहे हे पाहायचे असेल, त्याला ऑसिलोस्कोपही लागत नाही. पंप एका ठरावीक वेगावर, तोच प्रवाह ठेवून, कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे स्विचिंगची फ्रिक्वेन्सी, 4 किलोहर्ट्झ ठेवून हीटसिंकचे तापमान स्थिर होईपर्यंत चालवावा आणि हवेपेक्षा ते किती वर आहे ते लिहून ठेवावे. मग पॅरामीटरमधून 8 किलोहर्ट्झ करून पुन्हा तेच करावे. समजा पहिल्यांदा 30 अंशांची वाढ आली आणि दुसऱ्यांदा 40 अंशांची. तर 4 किलोहर्ट्झमागे 10 अंश स्विचिंगचे झाले, आणि पहिल्या तिसातले उरलेले 20 फ्रिक्वेन्सीशी संबंध नसलेले, म्हणजे मुख्यतः कंडक्शनचे. दोन्ही वाचनांच्या वेळी पंखा चालू असावा आणि ऊन सारखे असावे. ढग आला तर ते वाचन सोडून द्यावे.